चिन्ह का उलटतं?

मंडळी, नववीत असताना मी −2x > 4 या असमानतेचं उत्तर x > −2 असं लिहिलं होतं. समीकरणात करतो तसंच केलं, दोन्ही बाजूंना −2 ने भागलं. वहीत लाल शाईचा शेरा आला, ‘चिन्ह उलटते. नियम पाठ कर.’ मी x च्या जागी 0 घालून पाहिलं. 0 > 4? साफ खोटं. म्हणजे चूक माझीच होती, ते पटलं. पण का उलटतं, हे विचारायला गेलो तर ‘ऋण आलं की उलटतंच’ एवढंच ऐकायला मिळालं. ती सल अजून गेलेली नाही, कारण ते ‘का’ दाखवायला कागदाची एक पट्टी पुरते.

ही बघा. या टोकाला 0, पुढे 2 वर निळा ठिपका आणि 5 वर लाल. 0 पाशी टाचणी टोचून पट्टी उजवीकडे आडवी धरली आहे. लाल ठिपका निळ्याच्या उजवीकडे, म्हणून 5 मोठा. आता टाचणीभोवती पट्टी अर्धा फेरा फिरवतो. दोन्ही ठिपके डावीकडे आले. लाल शून्यापासून आधीही जास्त लांब होता, आताही आहे. पण आता लांब म्हणजे जास्त डावीकडे, आणि संख्यारेषेवर जे डावीकडे ते लहान. म्हणून −5 < −2. −1 ने गुणणं म्हणजे हा अर्धा फेरा. −3 ने गुणायचं तर पट्टी रबराची समजा आणि फिरवून तिप्पट ताणा. ताणल्याने क्रम बिघडत नाही, तो फेऱ्यानेच उलटतो.

मागून कोणी विचारतंय, शून्याने गुणलं तर? मग दोन्ही ठिपके टाचणीखाली जातात, लहानमोठं काही उरतच नाही.

चित्रावर भरवसा नसेल त्यांनी a < b घ्या. दोन्ही बाजूंतून a वजा करा, मग b वजा करा. वजाबाकीने चिन्ह हलत नाही, याबद्दल कोणाला शंका नसते. उरतं −b < −a. गुणाकार केलाच नाही, तरी क्रम उलटला.

वेळ संपल्याची खूण झाली आहे, आणि ज्यासाठी आलो ते राहिलंच आहे, तर भरभर सांगतो. 1/x < 1 सोडवताना मुलं x ने गुणतात आणि x > 1 लिहून मोकळी होतात. पण x = −1 घाला. −1 < 1, अगदी खरं, आणि उत्तरात मात्र −1 नाही. x धन आहे असं न बोलता धरलं गेलं, तिथे घोटाळा झाला. x धन असेल तर x > 1. ऋण असेल तर चिन्ह उलटून 1 > x, आणि हे प्रत्येक ऋण संख्येला लागू आहे. म्हणून उत्तर x > 1 किंवा x < 0. असे दोन भाग पाडायचे नसतील तर x ऐवजी x² ने गुणा. x इथे शून्य असूच शकत नाही, म्हणून x² धनच. मग x < x², म्हणजे x(x − 1) > 0, आणि उत्तर तेच येतं.