मधली पाकळी किती धूसर?

अंतरपाट खाली आला, माळा पडल्या, फोटोही झकास आला. फक्त पाकळ्या उधळायच्या राहिल्या. मग फोन येतो, “तेवढ्या पाकळ्या टाकून द्या ना!” बाजारात पाकळ्यांचे तयार PNG मिळतात. फोटोवर एक ठेवला की काम झालं असं वाटतं, पण सगळ्या पाकळ्या सारख्याच ठसठशीत असल्यामुळे त्या काचेवर चिकटवल्यासारख्या दिसतात.

आजचा प्रश्न एवढाच, की कोणती पाकळी किती धूसर करायची? याचं उत्तर फोटोतच असतं. जोडप्याच्या बऱ्याच मागे दिव्यांची माळ आहे ना? तिथला प्रत्येक दिवा फोकसबाहेर जाऊन गोल चकती झालेला असतो. ती चकती मोजा. समजा, ती २०० पिक्सेल भरली. कॅमेऱ्यापासून जोडप्यापर्यंतच्या अंतराच्या बरोबर मध्यावर तरंगणारी पाकळी जवळपास तेवढीच धूसर होते. लेन्स कोणती होती, अ‍ॅपर्चर किती होतं, हे विचारायचीही गरज नाही.

जोडपं ३ मीटरवर आहे असं धरू. त्यांच्याजवळची पाकळी १५० पिक्सेलची आणि स्पष्ट. दीड मीटरवरची दुप्पट, म्हणजे ३०० पिक्सेलची, आणि तिला २०० पिक्सेलची धूसरता. कॅमेऱ्यापासून १ मीटरवरची ४५० पिक्सेलची, धूसरता ४००. म्हणजे नुसता केशरी ढग. आता मागे जाऊ. ६ मीटरवरची पाकळी ७५ पिक्सेलची आणि धूसरता १००. पाकळीपेक्षा तिचा पसाराच मोठा! ती जेमतेम दिसते, म्हणून मागे फार पाकळ्या टाकण्यात अर्थ नाही. मागे कितीही लांब गेलात तरी धूसरता त्या चकतीपलीकडे वाढत नाही; पुढे मात्र कॅमेऱ्याजवळ येताना ती वाढतच जाते. आपल्याकडे बहुतेक जण नेमकं उलटं करतात. मागच्या पाकळ्या भरपूर पुसतात आणि पुढच्या तशाच ठेवतात.

प्रत्येक अंतराला वेगळा लेयर ठेवा. Gaussian Blur ऐवजी Lens Blur वापरा. पहिल्याने कडा विरघळतात, दुसऱ्याने लेन्ससारखी चकती पसरते. रेडियस चकतीच्या निम्म्यापासून सुरू करा आणि दिव्याशी नजरेने ताडून बघा. मागच्या पाकळ्यांचा क्रम महत्त्वाचा: आधी ब्लर, नंतर जोडप्याच्या कडेने मास्क. उलट केलंत तर केशरी रंग नवरीच्या खांद्यावर सांडतो. चूक ओळखायची असेल तर १०० टक्के झूम करून शालूची कड बघा.

ब्लर केलेली पाकळी गुळगुळीत होते, फोटोत मात्र आयएसओचा बारीक रवा असतो. म्हणून शेवटी त्या लेयरवर तेवढाच Noise.

चमकीचं गणित तेच, पण तिचा लेयर Screen मोडवर ठेवायचा, कारण फोकसबाहेरची चमक म्हणजे उजेडाची चकती. आणि चकती जितकी मोठी कराल तितकी ती फिकी करा. एका ठिपक्यातला उजेड आता तेवढ्या जागेत वाटला गेलेला असतो.