खात्यातून गेले, फोलिओत दिसेनात : एसआयपीच्या हरवलेल्या हप्त्याचा माग

(दृश्य : मोबाइलवर बँकेचा मेसेज. खाली गुंतवणुकीच्या ॲपमध्ये तीच योजना, युनिट मागच्या महिन्याइतकेच.)

निवेदन :

बँकेचा मेसेज सांगतो, पाच हजार रुपये वजा झाले. ॲप उघडलं, तर युनिट जिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशीही तेच. मग माणूस बँकेत जातो. बँक म्हणते, आमच्याकडून पैसे गेले. फंड कंपनीला फोन केला, तर ती म्हणते, आमच्याकडे काहीच आलेलं नाही. गंमत अशी, की त्या घडीला दोघंही खरं बोलत असू शकतात. आपलं खातं आणि फंडाचं खातं यांच्यामध्ये आणखी एक थांबा असतो, आणि पैसे बहुतेक वेळा तिथेच असतात.

(दृश्य : बँकेचं स्टेटमेंट. एका ओळीवर कॅमेरा स्थिरावतो.)

शोध मेसेजपासून नको, स्टेटमेंटपासून सुरू करा. मेसेजमध्ये रक्कम कळते, पण पैसे कोणाकडे गेले ते नेहमी कळत नाही. स्टेटमेंटमधली त्या दिवशीची ओळ पूर्ण वाचा. सुरुवातीला `ACH D` असं काही असेल, तर हप्ता नॅचमधून गेला. नॅच म्हणजे एनपीसीआय चालवते ती, आपण दिलेल्या मँडेटवरून, म्हणजे आगाऊ परवानगीवरून, खात्यातून ठरावीक रक्कम ओढून घेणारी यंत्रणा. त्याच ओळीत पुढे नाव असतं. तिथे फंड कंपनीचं नाव असेल, तर पैसे थेट तिच्याकडे निघाले. `INDIAN CLEARING CORP` किंवा `ICCL` असेल, तर ते बीएसईच्या म्युच्युअल फंड मंचावरून, व्यवहारांचे पैसे पोहोचवणाऱ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या खात्यातून पुढे जाणार आहेत. मघाशी म्हटलेला मधला थांबा तो हाच. ॲपवरून किंवा वितरकाकडून घेतलेल्या कितीतरी एसआयपींचे पैसे असे जातात. आपल्या फंडाचं नाव दिसत नाही म्हणून ‘हे कोणी कापले?’ असं घाबरून विचारणारे अनेक जण असतात. फसवणूक झाली असं समजून मँडेट बंद करण्याआधी ती ओळ नीट वाचा.

आता हा प्रवास एका उदाहरणावर पाहू.

(दृश्य : कॅलेंडर, ऑगस्ट २०२५. २७ तारखेवर गणपती.)

समजा, एका इक्विटी फंडात दरमहा पाच हजारांची एसआयपी आहे. मंगळवार, २६ ऑगस्ट २०२५ रोजी खात्यातून पैसे वजा झाले, क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या नावाने. बुधवारी २७ तारखेला गणेश चतुर्थी, शेअर बाजार बंद. त्यामुळे क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडून फंडाच्या खात्यात पैसे पोहोचले गुरुवारी, २८ तारखेला.

भाव कुठल्या दिवसाचा लागेल? अनेकांना वाटतं, २६ तारखेचा, कारण पैसे तेव्हा गेले. तसं नाही. १ फेब्रुवारी २०२१ पासून अशा फंडांसाठी सेबीचा नियम असा, की रक्कम कितीही असो, पैसे फंडाच्या खात्यात वापरण्याजोगे जमा झाले त्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, लागते. इक्विटी फंडासाठी ही वेळ दुपारी तीनची. तीनच्या आत पैसे आले तर त्याच दिवसाचा भाव, नंतर आले तर पुढच्या कामकाजाच्या दिवसाचा. म्हणून इथे भाव २८ तारखेचा. ती एनएव्ही रात्री जाहीर होते, युनिट दुसऱ्या दिवशी नोंदले जातात आणि ॲपमध्ये दिसायला शुक्रवार किंवा थेट सोमवार, १ सप्टेंबर उजाडतो. मंगळवारी गेलेले पैसे सोमवारी दिसले, आणि तरीही वाटेत काहीच बिघडलं नव्हतं.

हिशोबही बघून घेऊ. पाच हजारांवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे २५ पैसे. उरले ४,९९९ रुपये ७५ पैसे. २८ तारखेची एनएव्ही ६२.४५ धरली, तर युनिट मिळतील ८०.०६०. समजा २६ तारखेची एनएव्ही ६३.१० होती, तर त्या भावाने ७९.२३५ मिळाले असते. म्हणजे या उदाहरणात उशिरामुळे थोडे जास्तच युनिट पडले. भाव चढता असता तर उलट झालं असतं. पण यातल्या कुठल्याही बाबतीत तक्रार होत नाही, कारण नियम पैसे पोहोचल्याचा दिवस धरतो.

(दृश्य : तेच कॅलेंडर. २ आणि ३ सप्टेंबर. फोलिओ अजून जैसे थे.)

मात्र सुट्ट्या वगळून कामकाजाचे चार दिवस उलटले आणि तरीही काही नाही, तर आता माग काढायचा.

पहिलं म्हणजे आजपर्यंतचं ताजं स्टेटमेंट काढा आणि पैसे परत आलेत का ते पाहा. वजा झालेली रक्कम काही वेळा त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांनी उलटून जमा होते, आणि त्या मेसेजकडे लक्षच गेलेलं नसतं. रक्कम परत आली असेल, तर तो हप्ता फसला, एवढंच. युनिट शोधत बसण्यात अर्थ नाही.

पैसे परत आले नसतील, तर ॲपचा पडदा बाजूला ठेवा आणि मूळ नोंद पाहा. म्युच्युअल फंडाच्या युनिटची खरी वही रजिस्ट्रारकडे असते. कॅम्स आणि केफिनटेक ही त्यातली दोन मोठी नावं. एमएफसेंट्रलवर पॅन आणि मोबाइलवरचा ओटीपी देऊन दोन्हींकडचे फोलिओ एकत्र दिसतात. इथे तीनपैकी एक गोष्ट सापडेल.

युनिट तिथे जमा असतील, पण कदाचित वेगळ्या फोलिओत. एसआयपी नव्याने नोंदवताना जुना फोलिओ क्रमांक दिला नाही, की नवा फोलिओ उघडतो आणि जुन्याकडे बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. किंवा ॲपने नोंद अजून खेचलेली नाही. यात पैशाला काही धोका नाही.

व्यवहार नाकारला, अशी नोंद असेल, तर कारण विचारा. केवायसी ‘होल्ड’वर असणं हे वरचेवर आढळणारं कारण. पॅन आधारला न जोडल्याने निष्क्रिय झाला असेल, तरी हेच होतं. पैसे दुसऱ्याच्या खात्यातून आले तरी फंड ते घेत नाही. बायकोच्या नावच्या फोलिओसाठी नवऱ्याच्या एकट्याच्या खात्याचं मँडेट दिलं, की हा घोळ होतो. अज्ञान मुलाच्या नावची एसआयपी असेल आणि मूल अठरा वर्षांचं झालं असेल, तर खातं सज्ञानाच्या नावे करून घेईपर्यंत तीही थांबते. अशा वेळी दोन गोष्टी मागून घ्या. एक, नाकारण्याचं कारण, लेखी. दोन, परतावा कोणत्या तारखेला, कुठल्या यूटीआरने, म्हणजे बँक व्यवहाराच्या संदर्भ क्रमांकाने, पाठवला. यूटीआर मिळाला, की आपली बँक ती रक्कम शोधू शकते.

आणि रजिस्ट्रारकडे काहीच नोंद नसेल, तर पैसे अजून मधल्या थांब्यावर आहेत. मग फंडापाशी वाद घालू नका. ज्याच्यामार्फत एसआयपी सुरू केली, त्या ॲपला किंवा वितरकाला पकडा.

(दृश्य : ईमेल लिहिला जातोय.)

‘माझे पैसे कुठे आहेत?’ एवढ्याच ईमेलला ‘आपली अडचण समजली’ असं गोलमोल उत्तर येतं. त्यात फोलिओ क्रमांक, योजनेचं नाव, रक्कम, खात्यातून वजा झाल्याची तारीख आणि ॲपमधला ऑर्डर क्रमांक हवा. मँडेटचा यूएमआरएन, म्हणजे नोंदणी क्रमांक, तोही द्या. तो वीस अक्षरांचा असतो आणि पहिली चार अक्षरं बँकेची असतात. यूपीआय ऑटोपेने गेले असतील, तर बारा अंकी संदर्भ क्रमांक द्या. सोबत स्टेटमेंटचं तेवढंच पान, बाकीच्या नोंदी झाकून. आणि नेमकं विचारा : ही रक्कम फंडाच्या खात्यात कोणत्या तारखेला, किती वाजता जमा झाली? हे उत्तर मिळालं, की कोणाची चूक ते उघड होतं. समजा, पैसे २८ तारखेला तीनच्या आत जमा झाले होते आणि युनिट मात्र ३ सप्टेंबरच्या भावाने दिले, तर २८ च्या भावाने दुरुस्ती मागण्याचा आपला हक्क आहे.

या काळात घाईने दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधीचा हप्ता उशिरा लागला, तर दोन्ही खरेद्या उभ्या राहतात. जास्तीचे पैसे मग युनिट विकूनच निघतात, आणि लवकर विकल्याबद्दलचा एक्झिट लोड लागू असेल तर तोही बसतो. हीच सावधगिरी समाजमाध्यमांवरही हवी. तिथे तक्रार लिहिली, की मदत करतो म्हणणारे खोटे ‘ग्राहक सेवा’वाले लगेच हजर होतात. त्यांना ओटीपी हवा असतो.

(दृश्य : स्टेटमेंटमध्ये परत फिरलेला हप्ता, खाली दंडाची ओळ.)

आता दुसरी बाजू : हप्ता गेलाच नाही. शिल्लक कमी, हे उघड कारण. पण त्यातही एक खोच आहे. नॅचची वसुली अनेकदा पहाटेच होते. पाच तारखेची एसआयपी असेल आणि पाच तारखेला सकाळी दहाला पैसे भरले, तर उशीर झालेला असतो. चार तारखेच्या संध्याकाळी शिल्लक असायला हवी. एकाच तारखेला पाच एसआयपी असतील आणि पाचही परत फिरल्या, तर बँक पाच वेळा दंड लावू शकते, त्यावर जीएसटी वेगळा. फंड कंपनी मात्र यासाठी दंड घेत नाही.

शिल्लक असूनही हप्ता फसला, तर मँडेटची कमाल रक्कम बघा. पाच हजारांचं मँडेट आणि दरवर्षी वाढणारी एसआयपी असेल, तर पहिल्याच वाढीला साडेपाच हजारांची मागणी येते आणि बँक ती परतवते. याच्या उलटही होतं : एसआयपी चालू ठेवून बँकेतून फक्त मँडेट रद्द केलं, तर दर महिन्याला मागणी येते आणि परत फिरते. एसआयपी थांबवायची असेल, तर आधी ती फंडाकडून किंवा ॲपमधून रद्द करा, मँडेट नंतर.

लागोपाठ तीन मासिक हप्ते फसले, की फंड ती एसआयपी बंद करतो. सेबीच्या नियमाने पहिल्या अपयशानंतरच तुम्हाला कळवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. ते पत्र जुन्या ईमेलवर जात नाही ना, तेवढं पाहा.

(दृश्य : सेबीच्या स्कोअर्स मंचाचं पान.)

फंडाने दाद दिली नाही, तर सेबीच्या स्कोअर्स मंचावर, `scores.sebi.gov.in` इथे तक्रार करा. तिथे फंडाला २१ दिवसांत निवारण करून उत्तर द्यावं लागतं. त्यानेही समाधान झालं नाही, तर स्मार्ट ओडीआर, म्हणजे वाद ऑनलाइन सोडवण्याचा मंच. शिल्लक असताना बँकेनेच हप्ता परतवला असेल, तर वाट वेगळी : आधी बँकेकडे लेखी तक्रार, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथे चुकीच्या दंडाचा परतावाही मागा.