झाकणाखालचं वलय आणि ट्यूबची कड

(दृश्य : टेबलावर केसांच्या तेलाच्या दोन बाटल्या. लेबलं अगदी सारखी.)

निवेदन : या दोन्ही बाटल्या एकाच कारखान्यातून निघाल्या. लेबलंही खरी आहेत. पण उजवीकडच्या बाटलीतलं मूळ तेल कुणीतरी केव्हाच वापरून संपवलं. रिकामी बाटली भंगारात गेली, तिथून ती कुणीतरी विकत घेतली आणि त्यात दुसरंच तेल भरलं. अशा बाटलीवर छपाईतल्या चुका शोधून काही हाती लागत नाही, कारण छपाई अस्सल आहे. पाहायला हवी ती बाटलीची मान.

(दृश्य : डावीकडच्या बाटलीची मान, जवळून.)

झाकणाच्या खाली प्लॅस्टिकचं एक अरुंद वलय दिसतं. झाकण आणि वलय बारीक दुव्यांनी जोडलेले असतात. मानेवर एक उंचवटा असतो आणि वलय त्याच्याखाली अडकून बसतं. झाकण पहिल्यांदा फिरवलं की ते वर चढू लागतं, वलय मात्र जागचं हलत नाही, आणि मधले दुवे एकेक करून तुटतात. तोच तो कट्-कट् आवाज. नवीन बाटली उघडताना तो ऐकू आला नाही, तर तिथेच थांबा.

तुटलेले दुवे पुन्हा जुळत नाहीत. त्यामुळे बाटली पुन्हा भरणाऱ्याला नवीन झाकण शोधावं लागतं, आणि जुनं वलय मानेवरून कापून काढावं लागतं. आता उजवीकडची बाटली बघा. उंचवट्याच्या खाली ब्लेडचे आडवे ओरखडे आहेत. आट्यांच्या खाचेत जुन्या तेलावर बसलेली काळपट धूळ आहे. बाटली धुतली तरी ही खाच नीट साफ होत नाही.

(दृश्य : दोन्ही झाकणं हळूहळू फिरवली जात आहेत.)

आता आटे. बाटली आणि झाकण वेगवेगळ्या साच्यांतून येतात, कित्येकदा वेगवेगळ्या कारखान्यांतून. पण मानेचा व्यास आणि दोन आट्यांमधलं अंतर आधीच ठरवलेलं असतं. म्हणून अस्सल झाकण बोटाच्या हलक्या जोराने सरळ उतरतं आणि शेवटी घट्ट बसतं. बाजारातून आणलेलं झाकण रंगाने जुळतं, आट्यांच्या मापात फसतं. ते तिरकं बसतं, अर्धा फेरा आधीच अडतं, किंवा घट्ट केल्यावर सटकन घसरतं. बाटली रात्रभर वर्तमानपत्रावर आडवी ठेवा. आटे जुळत नसतील तर सकाळी कागदावर तेलाचा डाग दिसेल.

काचेच्या बाटलीवर ॲल्युमिनियमचं झाकण असेल, तर त्याला मुळात आटे नसतातच. साधा पत्र्याचा टोप बाटलीवर ठेवतात, आणि यंत्रातली छोटी चाकं तो काचेच्या आट्यांवर दाबत फिरतात. म्हणून झाकणावर उमटलेली नागमोडी रेघ ठळक आणि सगळीकडे सारख्या खोलीची हवी. हातयंत्राने दाबलेल्या झाकणावर ती एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ सपाट असते.

झाकणाखाली चंदेरी पन्नी असेल, तर ती सोलून बाटलीच्या तोंडाकडे बघा. कारखान्यात ती उष्णतेने वितळवून चिकटवलेली असते, त्यामुळे कडेवर सलग गोल खूण राहते. गोंदाचे थेंब किंवा अर्धवट खूण दिसली, तर पन्नी हाताने लावलेली असू शकते.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. पुष्कळशा अस्सल तेलांच्या बाटल्यांना वलयही नसतं आणि पन्नीही नसते, नुसतं दाबून उघडायचं झाकण असतं. म्हणून ताडून बघायची ती त्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या, खात्रीच्या दुकानातून आणलेल्या बाटलीशी. ती संपली की भंगारात देण्याआधी लेबलावर कात्रीचे दोन काप मारा, म्हणजे कुणाला ती पुन्हा भरून विकता येणार नाही.

(दृश्य : सनस्क्रीनच्या दोन ट्यूब. कॅमेरा मागच्या चपट्या कडेवर.)

सनस्क्रीनची ट्यूब झाकणाच्या बाजूने भरत नाहीत. झाकण आधीच लावलेलं असतं आणि क्रीम मागच्या उघड्या टोकातून जातं. मग ते टोक आतून तापवतात, दोन जबड्यांमध्ये दाबतात आणि उरलेली कड कापून टाकतात. या दाबलेल्या पट्टीला कारखान्यात क्रिंप म्हणतात. बॅच नंबर बहुधा तिच्यावरच ठोकलेला असतो.

ट्यूबच्या टोकाजवळ छापलेला एक छोटा गडद चौकोन तुम्ही पाहिला असेल. त्याचा क्रीमशी काहीही संबंध नाही. यंत्राचा डोळा तो चौकोन शोधतो आणि ट्यूबची पुढची बाजू बरोबर समोर येईपर्यंत तिला फिरवतो. म्हणून अस्सल ट्यूबवर नाव आणि क्रिंप एकमेकांना समांतर असतात.

दुसरी ट्यूब बघा. नाव एका बाजूला वळलेलं आहे. क्रिंपचे कोपरे सुरकुतले आहेत आणि मध्ये क्रीम अडकल्याने तिथे फुगवटा आलाय. दोन्ही शेजारी उभ्या केल्या तर ही थोडी आखूड भरते, आणि शेवटची छापील ओळ क्रिंपला टेकली आहे. म्हणजे जुनी कड कापली, आत काहीतरी भरलं आणि हातयंत्राने टोक पुन्हा दाबलं. कापलेल्या कडेबरोबर बॅच नंबरही गेला. खोक्यावर मात्र तो आहे. दोन्हीकडे तो असतो, तेव्हा अक्षर न् अक्षर जुळवून बघा.

(दृश्य : घटकांची यादी, भिंगाखाली.)

पूर्णपणे नव्याने छापलेल्या बनावट मालात मात्र यादीच बोलते. भारताच्या सौंदर्यप्रसाधन नियम 2020 प्रमाणे 1 टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने आधी लिहायचे असतात. 1 टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, कोणत्याही क्रमाने.

या यादीत आधी पाणी, मग ग्लिसरीन, मग फिनॉक्सीइथेनॉल आणि त्यानंतर झिंक ऑक्साइड आहे. ऊन अडवणारा दुसरा एकही घटक नाही. फिनॉक्सीइथेनॉल हे क्रीम टिकवण्यासाठी घालतात आणि त्याची मर्यादाच 1 टक्का आहे. झिंक ऑक्साइड त्याच्या मागे आहे, याचा अर्थ तेही 1 टक्क्याच्या आतच. समोर मात्र ठळक अक्षरांत एसपीएफ 50 लिहिलंय. एवढ्याशा झिंकवर तो आकडा शक्य नाही. यादी तरी खोटी आहे, नाहीतर आकडा.

अमेरिकेतून आलेल्या ट्यूबला हा हिशेब लावू नका. तिथे ऊन अडवणारे घटक टक्केवारीसह वेगळे छापतात आणि बाकीचे पुष्कळदा वर्णानुक्रमाने. भारतात रीतसर आयात झालेल्या मालावर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि ते ज्याच्या नावावर आहे त्याचा पत्ता असायला हवा. तो शोधा.

तेलाच्या यादीत सुरुवातीलाच मिनरल ऑइल दिसलं तरी दचकू नका. अनेक नामांकित आवळा तेलांचा मुख्य घटक तोच असतो. पण यादीत फक्त खोबरेल असेल आणि तेल फ्रिजमध्ये रात्रभर पातळच राहिलं, तर शंका घ्यायला जागा आहे. खोबरेल तेल साधारण 24 अंशांखाली गोठू लागतं.

(दृश्य : बाटली, झाकण, तुटलेलं वलय आणि बिल एका पिशवीत ठेवले जात आहेत.)

या खुणांवरून बाटली कुणी उघडली का, हे बरंच कळतं. आत नेमकं काय आहे, ते प्रयोगशाळाच सांगू शकते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 च्या कलम 26 प्रमाणे ग्राहकाला आपण विकत घेतलेलं प्रसाधन ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येतं. तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे 1915. शंका आल्यावर ते तेल किंवा क्रीम वापरू नका. बाटली, झाकण, वलय, पन्नी, खोकं आणि बिल एकत्र ठेवा, आणि त्यांना हात लावण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून घ्या.