जॉइनिंगची तारीख आणि घरचं लग्न

मंडळी, मी बरीच वर्षं पुण्यात आयटी कंपन्यांसाठी भरतीचं काम केलं. ऑफर स्वीकारलेल्या उमेदवाराचा फोन यायचा, "मॅडम, जॉइनिंग थोडं पुढं ढकलता येईल का?" आणि माझ्या मनात पहिली शंका हीच यायची, की याच्या हातात दुसरी ऑफर पडली. आपल्याकडे नोटीस पिरियड 60 नाहीतर 90 दिवसांचा. तेवढ्या काळात पहिली ऑफर दाखवून दुसरीकडे जास्त पगार मिळवायचा आणि पहिल्या कंपनीला आयत्या वेळी नकार कळवायचा, हे इतकं घडतं की भरती करणारा माणूस ताकही फुंकून पितो. तुमच्या बहिणीचं लग्न खरंच असतं, पण त्याला ती सबब वाटते. म्हणून तारीख मागण्याआधी ती शंका कशी जाईल, याचा विचार करा.

माझ्यासमोर घडलेलं एक उदाहरण सांगते. एका मुलीनं 30 सप्टेंबरला राजीनामा दिला. नोटीस 60 दिवसांची, म्हणजे जुन्या ऑफिसातला शेवटचा दिवस 28 नोव्हेंबर, शुक्रवार. नव्या ठिकाणी 1 डिसेंबर, सोमवार. सगळं जमलेलं होतं आणि ऑक्टोबरच्या मध्यावर सांगलीत बहिणीचं लग्न ठरलं. तारीख 11 डिसेंबर. घरात मोठी तीच, वडिलांना मधुमेह, हॉलपासून आहेरापर्यंत सगळं तिच्यावर.

घरचे म्हणाले, आधी जॉइन तर हो, मग रजा टाक. हे बहुतेकांना सुचतं. पण पहिल्या आठवड्यात लॅपटॉप, इंडक्शन आणि दुसऱ्याच आठवड्यात गैरहजर, हे नव्या मॅनेजरला आधी न सांगता कळलं तर फार खटकतं. शिवाय प्रोबेशनमधली अशी रजा बहुधा बिनपगारी जाते.

तिनं तारीख ठरली त्याच दिवशी फोन केला. "दोन-तीन आठवडे" अशी मोघम मागणी केली नाही. म्हणाली, "लग्न 11 तारखेला आहे, मी सोमवारी 15 डिसेंबरला जॉइन होऊ शकते. राजीनामा मंजूर झाल्याची मेल आत्ता पाठवते, पत्रिका छापून आली की तीही पाठवते." ही राजीनामा मंजुरीची मेल पत्रिकेपेक्षा मोलाची. परतीची वाट बंद केलेला माणूस घासाघीस करत नाही, हे आम्हाला ठाऊक असतं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. एचआरमधला माणूस निरोप्या असतो, निर्णय मॅनेजरचा. इथं मॅनेजरची अडचण अशी होती, की क्लायंटकडून बिलिंग 8 डिसेंबरपासून सुरू व्हायचं होतं. नव्या माणसाला क्लायंटच्या सिस्टिमचा अ‍ॅक्सेस मिळायलाच काही दिवस जातात, आणि त्याआधी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन पूर्ण व्हावं लागतं. ही अडचण तिनं विचारून घेतली आणि म्हणाली, सगळी कागदपत्रं मी याच आठवड्यात देते, म्हणजे 15 तारखेला मी लगेच कामाला लागेन. मॅनेजरनं क्लायंटकडून एक आठवडा मागून घेतला. अ‍ॅक्सेसची भीती गेली नसती, तर त्यानं तो मागितलाच नसता.

फोनवर "हो, चालेल" मिळालं. तिथं ती थांबली नाही, हे फार बरं केलं. ऑफर लेटरमध्ये बहुधा एक ओळ असते, ठरल्या तारखेला हजर न झाल्यास ऑफर रद्द समजावी. तोंडी होकार देणारा एचआर महिन्याभरात स्वतःच नोकरी सोडून गेलेला मी पाहिलाय. तिनं त्याच संध्याकाळी मेल टाकली आणि 15 डिसेंबर तारीख घातलेलं सुधारित ऑफर लेटर मागून घेतलं. ते चार दिवसांनी आलं. तोवर जुन्या ऑफिसात ती एक अक्षर बोलली नाही.

मग मात्र बोलली, कारण आता दोन नोकऱ्यांच्या मध्ये 16 दिवसांची फट पडत होती. कंपनीचा मेडिक्लेम साधारण शेवटच्या दिवशीच संपतो, आणि त्यात तिचे आईवडीलही होते. मधल्या दिवसांपुरती नवी पॉलिसी काढून उपयोग नसतो, आजारपणासाठी पहिले 30 दिवस सहसा वेटिंग पिरियड असतो. तिनं जुन्या मॅनेजरला विचारून शेवटचा दिवस 5 डिसेंबर करून घेतला. त्यांना हँडओव्हरला आठवडा जास्त मिळाला, हिची फट 9 दिवसांवर आली. तेवढे दिवस कव्हर नव्हतं, ते तिनं वडिलांना स्पष्ट सांगितलं आणि हॉस्पिटलसाठी काही रक्कम लग्नाच्या खर्चातून वेगळी काढून ठेवली.

पगाराचंही तिनं आधीच विचारून ठेवलं होतं. पेरोलची कटऑफ 15 तारखेच्या आधीच होती, म्हणून डिसेंबरचा अर्धा पगार जानेवारीच्या पगाराबरोबर येणार होता. 5 जानेवारीला घराचा हप्ता होता. तो तिनं आहेराच्या साड्या घेण्याआधी बाजूला काढला.