६०० ग्रॅमचे ४३५ झाले, प्रथिनं कुठे गेली?

रिकामं ताट काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणलाय. आता त्यात बोनलेस, कातडी काढलेलं चिकन ब्रेस्ट. भरलं ६०० ग्रॅम. यातून उद्याचे तीन डबे भरायचे आहेत.

कच्च्या ब्रेस्टमध्ये शंभर ग्रॅममागे साधारण साडेबावीस ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे या ताटात आहेत १३५.

तुकडे तव्यावर पडले. थोड्याच वेळात कडेनं पाणी सुटायला लागतं. हे पाणी आपण घातलेलं नाही. ते मांसाच्या तंतूंनी धरून ठेवलेलं होतं. उष्णतेनं तंतू आकसतात आणि ओलं फडकं पिळावं तसं ते बाहेर येतं, बरंचसं वाफ होऊन उडून जातं. प्रथिनं मात्र जवळपास सगळी तुकड्यातच राहतात.

गॅस बंद. पुन्हा काटा. आता ४३५ ग्रॅम.

वजन १६५ ग्रॅमनं उतरलं, प्रथिनं तीच १३५. पण आता ती कमी वजनात दाटली आहेत, शंभर ग्रॅममागे ३१. म्हणून खाल्लेलं नोंदवायच्या ॲपमध्ये कच्च्या आणि शिजलेल्या चिकनची नोंद वेगवेगळी असते.

एका डब्यात आले १४५ ग्रॅम, म्हणजे ४५ ग्रॅम प्रथिनं. हेच १४५ चुकून कच्च्याच्या नोंदीत टाकले तर ॲप जेमतेम ३३ दाखवेल. उलटी चूक जास्त महागात पडते. कच्चं २०० ग्रॅम मोजलं आणि शिजलेल्याची नोंद निवडली, की पडद्यावर ६२ दिसतात. पोटात गेलेले असतात ४५. दिवसाचा आकडा पूर्ण दिसतो, म्हणून शंकाही येत नाही.

बरं, तो ३१चा आकडाही सरासरीच. हेच चिकन तव्यावर जरा जास्त राहून ३९० ग्रॅमवर आलं असतं, तर शंभर ग्रॅममागे साडेचौतीसच्या आसपास प्रथिनं भरली असती. चिकन तेच, फक्त कोरडं. कच्चं वजन या भानगडीत पडत नाही, म्हणून जमेल तेव्हा तेच मोजावं आणि नोंदही कच्च्याचीच निवडावी. दही-मसाला लावायच्या आधी मोजावं, नाहीतर दह्याचं वजनही चिकनच्या खात्यात जातं.

घरी सगळ्यांचं एकत्र शिजत असेल तर? कच्चं एकूण वजन लिहून ठेवा, शिजल्यावर पुन्हा एकूण वजन करा. आपल्या वाट्याला ४३५ पैकी १४५ आले, म्हणजे तिसरा हिस्सा. मग नोंदवायचं कच्चं २०० ग्रॅम.

रश्शाच्या पातेल्यात मात्र हा हिशेब डळमळतो. करी कटमध्ये हाडं असतात, तुकड्याला रस्सा चिकटलेला असतो. तिथे जेवण झाल्यावर ताटातली हाडं मोजून वजा करायची आणि येणारा आकडा अंदाजच आहे, हे धरून चालायचं.

तिसरा डबा भरला. झाकणावर पेननं लिहिलंय: कच्चं २००.