२८ मोठे की ९७?

पडद्यावर दोन आकडे आहेत. २०२० सालच्या नमुना नोंदणी पद्धतीच्या अहवालानुसार भारताचा अर्भक मृत्युदर २८ होता, आणि त्याच पद्धतीने २०१८ ते २०२० या काळासाठी काढलेले माता मृत्यूचे प्रमाण ९७ होते. आकडे शेजारी ठेवले की अर्भकांपेक्षा माताच अधिक दगावतात असे वाटते. परंतु पहिला आकडा दर हजार जिवंत जन्मांमागे आहे आणि दुसरा दर लाख जिवंत जन्मांमागे.

दोन्ही टक्क्यांत आणू. टक्का म्हणजे शंभरामागे. म्हणून हजारामागचा आकडा दहाने भागायचा आणि लाखामागचा हजाराने. २८ चे झाले २.८ टक्के, तर ९७ चे ०.०९७ टक्के. म्हणजे अर्भक मृत्यूचे प्रमाण माता मृत्यूच्या सुमारे २९ पट आहे.

मग सरळ टक्केच का लिहीत नाहीत? अर्भक मृत्युदर २.८ टक्के असा लिहिला असता तरी फारसे बिघडले नसते. अडचण माता मृत्यूची आहे. त्याच काळात महाराष्ट्राचे प्रमाण ३३ होते, म्हणजे ०.०३३ टक्के. बहुतेक तक्त्यांत टक्केवारी दशांश चिन्हापुढे एकाच अंकापर्यंत देतात. तसे केले, तर देशाचा आकडा ०.१ होतो आणि महाराष्ट्राचा ०.०, दगावलेल्या माता कागदावरून नाहीशाच होतात. पाया लाखाचा घेतला की ३३ आणि ९७ हे पूर्णांक राहतात, आणि त्यांतला जवळजवळ तिपटीचा फरक कोणालाही वाचता येतो.

रूपांतरात नेहमीची चूक म्हणजे एखादे शून्य गळणे. ३३ चे ०.३३ टक्के कोणी लिहिले, तर पडताळा सोपा आहे: लाखाचा एक टक्का म्हणजे एक हजार, तेव्हा ०.३३ टक्के म्हणजे ३३० माता, आणि आपल्याकडे तर ३३ च आहेत.

मात्र लाखाच्या पायालाही एक मर्यादा आहे. वर्षाला ३,००० जन्म होणारा एखादा तालुका कल्पनेत घ्या. तिथे एका वर्षी एक माता दगावली, तर प्रमाण लाखामागे ३३ येते. पुढच्या वर्षी दोन दगावल्या, तर ६७. आणि तिसऱ्या वर्षी एकही नाही, तर शून्य. आरोग्यसेवा तीच, मृत्यूंतला फरक एकदोनचाच, तरी आकडा दुप्पट होऊन शून्यावर येतो. तीन वर्षांचे मिळून ९,००० जन्म आणि तीन मृत्यू धरले, की प्रमाण पुन्हा ३३ वर स्थिरावते. माता मृत्यूच्या आकड्यापुढे २०१८–२० अशी तीन वर्षे लिहिलेली असतात, ती याच कारणाने.