पेपर वाचताना आधी काय, मग काय

(आरोग्यशाखांच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

संशोधनाचा पेपर वाचायला घेतला की पहिल्या वर्षाच्या मुलांचं गाडं बहुतेक वेळा प्रस्तावनेतच अडतं. पहिल्या ओळीपासून वाचायला घेतात, दिसेल ते पिवळं करत जातात, आणि दुसऱ्या पानावर कुणी विचारलं की ‘या लोकांनी नेमकं केलं काय?’ तर उत्तर सापडत नाही. म्हणून आज एकच पेपर घेऊन बसू. अभय बंग, राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, गडचिरोलीतल्या नवजात बाळांच्या घरोघरी केलेल्या देखभालीविषयीचा. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. जेमतेम सात पानांचा आहे.

पहिल्या फेरीत फक्त शीर्षक आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचायचं. हायलायटर बाजूला ठेवा आणि वहीत स्वतःच्या भाषेत चार गोष्टी लिहा: कुणावर, काय केलं, कशाशी ताडून पाहिलं, आणि काय मोजलं. इथे उत्तरं अशी येतात. गडचिरोली जिल्ह्यातली ३९ गावं प्रयोगाची, ४७ गावं तुलनेची. १९९३ ते ९५ दोन्हीकडे नुसती नोंद. १९९५ ते ९८ प्रयोगाच्या गावांत प्रशिक्षण दिलेल्या गावातल्याच आरोग्यसेविका घरी जाऊन बाळ पाहणार, वजन कमी असेल, अंग गार पडत असेल, दूध ओढत नसेल तर मदत करणार, आणि जंतुसंसर्ग दिसला तर औषधोपचारही करणार. मोजायचा तो नवजात मृत्युदर, म्हणजे हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या २८ दिवसांत दगावणारी बाळं. तो तीन वर्षांत किमान २५ टक्क्यांनी खाली येईल, असं लेखकांनी आधीच गृहीतक म्हणून मांडलं होतं. ही ओळ वहीत उतरवाच. आकडे हाती आल्यावर लक्ष्य ठरवणारेही असतात.

आता निष्कर्षांच्या ओळी. प्रयोगाच्या गावांत सुरुवातीचा दर ६२, तिसऱ्या वर्षी २५.५. घट ६२.२ टक्के. इथे थांबून कॅल्क्युलेटर काढा. ६२ मधून २५.५ गेले, ३६.५ राहिले. त्याला ६२ ने भागलं तर ५९ टक्क्यांच्या जरा खाली येतं. मग ६२.२ आलं कुठून? तुलनेच्या गावांतून. तिथला दर सुरुवातीला ५८ होता आणि तिसऱ्या वर्षी ५९.६, म्हणजे किंचित वाढलाच. एकीकडची घट आणि दुसरीकडची वाढ एकत्र धरून लेखकांनी निव्वळ घट सांगितली आहे. सुरुवातीचे दर पूर्णांकात दिलेले असल्यामुळे आपलं गणित दशांशापर्यंत जुळणार नाही, पण आकड्याचा उगम कळला की पुरे. टक्केवारी दिसली की ती कशाच्या तुलनेत, हे स्वतः एकदा मांडून बघायचं. पाच मिनिटंही लागत नाहीत.

त्याच परिच्छेदात आणखी एक आकडा आहे, आणि खरी मेख तिथे आहे. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचं प्रमाण उपचार सुरू होण्यापूर्वी १६.६ टक्के होतं, १६३ बाळांमध्ये. उपचारानंतर २.८ टक्के, ७१ बाळांमध्ये. आता टक्क्यांची माणसं करा. १६३ चे १६.६ टक्के म्हणजे २७ बाळं. ७१ चे २.८ टक्के म्हणजे २ बाळं. आणखी एकच बाळ दगावलं असतं तर २.८ चे ४.२ झाले असते. फरक तरीही मोठाच राहतो, पण दशांशावर किती भरवसा ठेवायचा ते कळलं. शिवाय ही तुलना शेजारच्या गावांशी नाही, आधी आणि नंतर अशी आहे. मृत्युदराच्या दाव्यामागे तुलनेची ४७ गावं उभी आहेत, या दाव्यामागे नाहीत. एकाच अ‍ॅब्स्ट्रॅक्टमधले दोन दावे एकाच ताकदीचे नसतात.

दुसरी फेरी टेबलांची. मजकूर न वाचता टेबलं आणि त्यांचे मथळे बघायचे. सगळ्यात आधी ते टेबल, ज्यात प्रयोग सुरू होण्याआधी दोन्हीकडची गावं कशी होती ते दिलेलं असतं. इथे ते फार महत्त्वाचं, कारण कुठल्या गावात प्रयोग करायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. चिठ्ठी नसेल तर गावं मुळातच वेगळी असण्याची शंका येते. लेखकांचं म्हणणं, लोकसंख्येची वैशिष्ट्यं आणि सुरुवातीचे मृत्युदर सारखे होते. ६२ आणि ५८ हे आपणही पाहिलं. मात्र टेबलात तेवढंच दिसतं जे कुणी मोजलेलं असतं.

मग मेथड्स. हा भाग कादंबरीसारखा सलग वाचायचा नसतो. पहिल्या दोन फेऱ्यांत पडलेले प्रश्न घेऊन त्यात शिरायचं. सांख्यिकीचा परिच्छेद पहिल्या वर्षी खुशाल सोडा. पुढे बायोस्टॅटिस्टिक्स झालं की परत या.

माझा पहिला प्रश्न नेहमी एकच: मोजलं कुणी? समजा बाळाची काळजी घेणारी बाईच मृत्यूही नोंदवत असती. तिच्या हातून गेलेलं बाळ ‘मृत जन्मलं’ असं लिहिलं गेलं, तर नवजात मृत्यू आपोआप कमी दिसला असता. त्यात खोटेपणाच असायला हवा असंही नाही. पहाटे चारला एक क्षीण श्वास घेऊन गेलेलं बाळ कुठल्या रकान्यात घालायचं, हा प्रश्न खराच अवघड आहे. या पेपरमध्ये जन्म-मृत्यूची नोंद दोन्हीकडे वेगळ्याच कार्यकर्त्यांनी केली. शिवाय जन्माच्या सुमाराचा मृत्युदरही दिला आहे, ज्यात मृतजन्म धरलेले असतात, आणि तोही उतरलाच. मृत्यू नुसते या रकान्यातून त्या रकान्यात गेले असते, तर तो उतरला नसता. अशी पडताळणी पेपरमध्येच असते, फक्त शोधावी लागते.

दुसरा प्रश्न, जंतुसंसर्ग ठरवला कसा? खेड्यातल्या घरात ब्लड कल्चर होत नाही. लक्षणांवरून ठरवला. म्हणजे त्या १६३ आणि ७१ मध्ये प्रत्यक्षात संसर्ग नसलेली काही बाळं असू शकतात. दोन्ही वेळी निकष तेच असतील तर तुलना टिकते. निकष मध्येच सैल झाले, तर बरी असलेली बाळं यादीत येतात आणि मृत्यूचं प्रमाण उपचाराविनाही घसरतं.

तिसरा, नेमकं कशाने झालं? घरभेटी, ऊब, स्तनपान, दाईंचं प्रशिक्षण, आरोग्यशिक्षण, दर पंधरा दिवसांची देखरेख, जेंटामायसिनचं इंजेक्शन, हे सगळं एकत्र दिलं गेलं. त्यामुळे ‘इंजेक्शनने मृत्यू ६२ टक्के घटले’ असं वाक्य कुणी सेमिनारमध्ये म्हटलं, तर ते या पेपरमध्ये नाही. घट पूर्ण संचाची आहे.

प्रस्तावना आणि डिस्कशन आता वाचा; तुमचे आक्षेप लेखकांना सुचले होते का, हे ताडण्यासाठी. आणि उद्या येताना एक काम करून या. ती ७१ बाळं आरोग्यसेविकांनी उपचार केलेली आहेत. ज्या घरांनी उपचाराला नकार दिला किंवा बाळ दवाखान्यात हलवलं, ती बाळं कुठे मोजली, ते पेपरमध्ये शोधा आणि पान क्रमांकासह वहीत लिहा.